टाइमआउट आणि सीआरसी वेगळेच ठेवा
> Timeout आणि CRC Error दोन्हींना ऑपरेटरच्या स्क्रीनवर मराठीत 'संपर्क त्रुटी' लिहिलं तर चालेल का?

नको, कारण ऑपरेटरने पुढे काय बघायचं ते दोन्हींत वेगळं आहे. मॉडबस आरटीयूवर फ्लोमीटर आहे असं धरू. Timeout म्हणजे ठरलेल्या वेळात उत्तरच आलं नाही. तिथे 'फ्लोमीटर उत्तर देत नाही, सप्लाय व वायर तपासा' असं लिहा. CRC Error मध्ये उत्तर येतं, पण वाटेत बिघडून. मीटर चालू असतो. बऱ्याचदा आरएस-४८५ची केबल पंपाचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीच्या पॉवर केबलला चिकटून गेलेली असते आणि पंप सुरू झाला की एरर वाढतात. इथे 'फ्लोमीटरचा डेटा खराब येतोय, पंप चालू असतानाच होतं का पाहा' हे कामाचं.

एक मेख आहे. मीटरकडे जाणारी विचारणाच बिघडली तर मीटर गप्प बसतो आणि स्क्रीनवर Timeout दिसतो. त्यामुळे दोन्ही आलटूनपालटून आले तर सप्लायऐवजी केबलवर संशय घ्यावा.

बॉड रेट, पॅरिटी हे शब्द भाषांतर न करता तसेच राहू द्या. पॅरिटीऐवजी 'समता' वाचून मेंटेनन्सवालाही चक्रावेल. मूळ इंग्रजी मेसेजही खाली बारीक अक्षरात ठेवा, व्हेंडर फोनवर तोच विचारतो.