टीव्हीचं माप: ५५ इंच म्हणजे रुंदी नव्हे

प्राजक्ता (बी ४०२): नमस्कार. सुतार उद्या हॉलच्या टीव्ही युनिटचा प्लाय कापायला घेतोय. युनिट बाहेरून ४ फूट रुंद, १२ इंच खोल, टीव्हीचा कप्पा आतून ३० इंच उंच. ५५ इंची घ्यायचा आहे. तो म्हणतोय रुंदी ४८ इंच, बरोबर मावेल. कोणी बसवलाय का?

देशपांडे काका (ए १०३): प्राजक्ता, उद्या कापू देऊ नकोस! ५५ हा स्क्रीनचा कर्ण आहे, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. टीव्ही १६ ला ९ या प्रमाणात असतो, त्यामुळे कर्णाला ०.८७ ने गुणलं की रुंदी आणि ०.४९ ने गुणलं की उंची येते. ५५ ची रुंदी जवळजवळ ४८, उंची २७. पण ही फक्त काचेवर चित्र दिसतं तेवढी. कडेची फ्रेम धरली की रुंदी साडेअठ्ठेचाळीसच्या आसपास जाते.

प्राजक्ता: म्हणजे अर्ध्या इंचासाठी अडलं?

देशपांडे काका: अर्धा नाही गं. युनिट बाहेरून ४ फूट आहे. दोन्ही बाजूंना १८ मिमीचा प्लाय आणि सनमायका, म्हणजे दीड इंच गेला. आत राहिले साडेशेहेचाळीस. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. टीव्ही खोक्यातून काढून कप्प्यासमोर धरला आणि दोन्ही कडा प्लायला टेकल्या. शेवटी बाजूच्या फळ्या उपटाव्या लागल्या, सनमायकाचे टवके उडाले ते वेगळेच.

स्नेहा (सी ६०१): मग ५० इंची?

देशपांडे काका: रुंदी साडेत्रेचाळीस, फ्रेमसकट ४४. मावेल, पण दोन्ही बाजूंना जेमतेम सव्वा इंच उरेल. बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तिकेत चारी बाजूंना १० सेंमी, म्हणजे ४ इंच मोकळे ठेवा असं असतं, आतली गरम हवा बाहेर पडायला. ४३ इंची साधारण ३८ रुंद, म्हणजे दोन्हीकडे सव्वाचार इंच. बंद कप्प्यात मी हाच घेईन. उंची फ्रेमसकट २२ ते २३ आणि खाली पायांचे दोन-तीन इंच. वर चार इंच उरतात, पण तेही मोजून बघ.

प्राजक्ता: खोली १२ पुरेल ना?

देशपांडे काका: टीव्ही जाड फक्त तीनेक इंच, पण पाय पुढे-मागे ८ ते १० इंच पसरतात. ते पूर्ण फळीवर यायला हवेत. मागे सरळ घुसणारी एचडीएमआय वायर असेल तर तिला दोन इंच हवेत, म्हणून मागच्या प्लायला भोक ठेव. मॉडेलच्या पानावर 'स्टँडसह' आणि 'स्टँडशिवाय' अशी दोन मापं मिमीमध्ये असतात. तीच सुताराला लिहून दे, इंचात गोल करून नको.

प्राजक्ता: ह्यांना ५५ च हवाय 😟

देशपांडे काका: मग बाजूच्या फळ्या काढून टाक. मागे सपाट पॅनेल, खाली ड्रॉवर, टीव्ही भिंतीच्या ब्रॅकेटवर. रुंदीचं बंधनच राहत नाही. फक्त ब्रॅकेट येईल तिथे पॅनेलमागे भिंत भक्कम आहे ना, ते सुताराला आधी ठोकून बघायला सांग.

प्राजक्ता: सुताराला फोन केला, परवा या म्हटलं. उद्या दुकानात टेप घेऊन जाते.