बी विंग ग्रुप : सुलभाकाकूंचं नेट सकाळीच का मरतं?

शनिवार

सुलभा (बी-1404), सकाळी 9:12 : नमस्कार. हे ह्यांच्या फोनवरून लिहितेय. माझ्या फोनवर गेटच्या ॲपमध्ये पाहुण्याचा फोटोच उघडत नाही, नुसतं गोल फिरत राहतं. आज भाजीवाला पंधरा मिनिटं खाली उभा होता. आणखी कोणाला येतोय का हा प्रॉब्लेम?

पाटील, सेक्रेटरी : काकू, ॲप व्यवस्थित आहे. सगळ्यांचं चालतंय. नेट बघा.

सुलभा : नेटला काय झालंय? महिन्याचा अनलिमिटेड मारलाय. रेंजच्या सगळ्या काड्या पूर्ण. दुकानात दाखवला तर म्हणाला सिम बदला. तेही बदललं. जवळजवळ तीन आठवडे रोज सकाळी हेच.

देशपांडे काका (बी-302) : माझंही संध्याकाळी रडतं. घोडबंदर रोडला माणसं किती, टॉवर किती!

मकरंद (बी-1102) : काका, तुमचं संध्याकाळी रडतं, काकूंचं सकाळी 7 ला. ही दोन वेगळी दुखणी आहेत. गर्दीमुळे स्लो होतं तेव्हा वेग खालीवर होत राहतो, कधी 2 एमबीपीएस, कधी 8, आणि रात्री 1 नंतर आपोआप सुधारतो. काकू, वायफाय बंद ठेवून एक स्पीड टेस्ट करा आणि आकडे इथे टाका. पान उघडायला वेळ लागेल, धीर धरा.

सुलभा, 9:41 : बेडरूममध्ये केली. डाउनलोड 0.06, अपलोड 0.01. वायफाय तसंही बंदच आहे रे. सर्व्हिस रोडच्या खोदकामात केबल तुटली तेव्हापासून.

मकरंद : 0.06 म्हणजे 64 केबीपीएस. हा नेटवर्कचा आकडा नाही, कंपनीने मुद्दाम लावलेला आकडा आहे. तुमचा दिवसाचा कोटा संपलाय. प्लॅन किती जीबीचा आहे?

सुलभा : रोज 2 जीबी आणि अनलिमिटेड 5जी. पण कोटा संपेल कसा? सकाळी उठून मी फक्त पंचांग आणि दोन भजनं बघते.

देशपांडे काका : 2 जीबी रोज म्हणजे मोजून दिलं की. मग अनलिमिटेड कशाला म्हणायचं? अनलिमिटेड थाळी म्हणून बसवायचं आणि दोन पोळ्यांनंतर तासाला एक घास वाढायचा!

मकरंद : काका, अगदी तसंच आहे, फक्त हॉटेलवाला म्हणतो "आम्ही ताट कुठे उचललं?" त्यांच्या भाषेत अनलिमिटेडचा अर्थ एवढाच की नेट बंद पडणार नाही आणि जास्त वापराचं वेगळं बिल येणार नाही. जोरात किती मिळणार याची हद्द बारीक अक्षरात असते. फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या ट्रायने 2016 मध्येच त्यांना सांगितलंय की हद्द किती आणि त्यानंतरचा वेग किती, हे ग्राहकाला स्पष्ट सांगा. ते सांगतात. वाचतो कोण!

आता त्या 64 चा हिशोब बघा. हे किलोबिट असतात, बाइट नाहीत. 8 ने भागायचं. म्हणजे सेकंदाला 8 केबी. तासाला जेमतेम 29 एमबी. दिवसभर न थांबता ओढलं तरी 690 एमबीच्या आसपास. गेटवरचा एक फोटो 150 केबीचा धरला तर एकटाच असला तरी 19 सेकंद. साधा मजकुराचा मेसेज एक-दोन केबीचा असतो, तो जातो. म्हणून माणसाला वाटतं नेट चालू आहे, ॲपच बिघडलंय.

अनघा (बी-905) : आणि फोन लागतो, ओटीपी येतो, त्यामुळे तर अजिबात कळत नाही 🙄

मकरंद : बरोबर. साधे कॉल या डेटातून जातच नाहीत, त्यांची वाट वेगळी असते. एसएमएसचंही तेच. आणि काड्या दाखवतात टॉवरचा सिग्नल किती जोरात आहे ते. वेग कापला जातो टॉवरच्या पलीकडे, कंपनीच्या मुख्य यंत्रणेत, तुमच्या नंबरावर. म्हणून सिम बदलून किंवा फोन रीस्टार्ट करून ढिम्म फरक पडत नाही.

मला खटकतंय ते दुसरंच. काकू, अपलोड 0.01 आलंय. ही कात्री दोन्ही बाजूंना लावतात, त्यामुळे तिथेही 0.06 च्या जवळपास यायला हवं होतं. म्हणजे वर जायच्या वाटेवर आधीच कोणीतरी ठाण मांडून बसलंय. कंपनीचे एसएमएस बघा ना, 50 टक्के डेटा संपला वगैरे. किती वाजता आलेत?

सुलभा : ते मी उघडतच नाही, जाहिरात वाटते. थांब बघते.

सुलभा, 10:05 : अगो बाई. रात्री 12:28 ला 50 टक्के. 12:49 ला 90. 12:54 ला 100 टक्के. काल पण साधारण याच वेळा. मी तर साडेदहाला झोपते!!

देशपांडे काका : हॅक झालाय. मी सांगतो. बँकेत आधी कळवा.

मकरंद : काका, थांबा. हॅकर रोज बाराच्या ठोक्याला कशाला येईल. कोटा रात्री 12 ला नव्याने भरतो, आणि कोणीतरी त्याचीच वाट बघत बसलंय. 54 मिनिटांत 2 जीबी म्हणजे सेकंदाला साधारण 5 मेगाबिट. 4जीवर अपलोडला एवढा वेग सहज मिळतो. काकू, सेटिंग्जमध्ये नेटवर्क, त्यात मोबाइल डेटाचा वापर उघडा. ॲपनुसार यादी येईल. सगळ्यात वर कोण आहे?

सुलभा : फोटोंचं ॲप. 41 जीबी!! एवढे फोटो मी आयुष्यात काढले नाहीत.

अनघा : काकू, रोहितच्या लग्नाचे व्हिडिओ तुमच्याच फोनवर होते ना? हळदीपासून सगळं?

सुलभा : हो की. नव्या फोनमध्ये घेतले सगळे. रोहितनेच सेटिंग करून दिलं, वर जागापण विकत घेऊन दिली, म्हणे आपोआप जपून राहील.

मकरंद : सापडला चोर. फोटो ॲप उघडा, वर तुमचं चित्र दिसतं तिथे टॅप करा, बॅकअपच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटाचा वापर बघा. तिथे रोजची मर्यादा विचारतात, काहीच नाही, 5 एमबी, 10, 30 किंवा अनलिमिटेड. तुमचं काय निवडलंय?

सुलभा : अनलिमिटेड.

सुलभा : रोहितला फोन केला आत्ता. म्हणतो "आत्या, तुझा प्लॅन अनलिमिटेड होता म्हणून मी तिथेही अनलिमिटेड केलं."

देशपांडे काका : 😂😂 अनलिमिटेडला अनलिमिटेड भेटला.

मकरंद : यात रोहितला हसू नका, दहातले आठ जण हेच करतील. घरी वायफाय होतं तोवर सगळं त्यावरून वर जात होतं. केबल तुटली आणि सगळा भार मोबाइलवर आला. रात्री 12 ला कोटा उघडला की व्हिडिओ जोरात वर जायचे, एक वाजायच्या आत 2 जीबी खलास. त्यातही ते थांबत नाहीत. 64 केबीपीएसवर दिवसभर रेटत राहतात. फोटो खाली यायचा तरी "फोटो द्या" ही मागणी आधी वर जावी लागते. तीच मागणी लग्नाच्या व्हिडिओमागे रांगेत. म्हणून 19 सेकंदांचं काम होतच नव्हतं. पैसे पाठवतानाही अडकत असेल.

सुलभा : हो रे, वाण्याकडे दोनदा फेल गेलं. मग मी रोज वीस-बावीस रुपयांचं 1 जीबीचं पॅक मारत होते. अर्ध्या तासात तेही गायब.

मकरंद : तेही हळदीला गेलं 🙏 आता मोबाइल डेटाचा वापर "काहीच नाही" करा. त्याखाली व्हिडिओचं वेगळं बटण असेल तर तेही बंद. आणि फोनचा डेटा सेव्हर चालू ठेवा, म्हणजे मागे गुपचूप चालणारी बाकीची ॲपं गप्प बसतील. वेग रात्री 12 शिवाय वाढणार नाही, पण रांग आत्ताच मोकळी होईल.

सुलभा, 10:38 : केलं. आता टेस्टमध्ये अपलोड पण 0.06. आणि गेटवरचा फोटो हळूहळू पण उघडला!

अनघा : पण मकरंद, काकूंना 5जी अनलिमिटेड आहे ना? मग कोटा लागलाच कसा? माझ्याकडेही तोच प्लॅन आहे.

मकरंद : हा खरा प्रश्न. 5जी अनलिमिटेड म्हणजे फोन 5जीवर असेल तोवर. 4जीवर उतरला की तीच 2 जीबीची वही उघडते. आपल्या शहरात 5जी मुख्यतः 3.5 गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं. जुन्या 4जीच्या खालच्या पट्ट्यांपेक्षा हे भिंतीत जास्त अडकतं. चौदाव्या मजल्यावर हॉलच्या खिडकीत मिळतं, आतल्या बेडरूममध्ये दोन भिंती ओलांडून येईलच असं नाही. लिफ्टमध्ये आणि पार्किंगमध्ये तर सोडाच. काकू, हॉलच्या खिडकीपाशी जाऊन एक टेस्ट करा. पण एकच. 5जीवर एक टेस्ट काहीशे एमबी खाते.

सुलभा, 10:52 : 312!! आणि बेडरूममध्ये परत 0.06. एकच फोन, वीस पावलांवर.

मकरंद : तुमचा फोन रात्री चार्जिंगला बेडरूममध्ये असतो ना? तिथे वर 4जीच लिहिलेलं असणार.

सुलभा : हो, उशीशेजारी. आत्ताही 4जी दिसतंय.

देशपांडे काका : म्हणजे फोन हॉलमध्ये झोपवला तर खरंच अनलिमिटेड?

मकरंद : तिथेही तळाला एक ओळ असते काका. माझ्या प्लॅनमध्ये 30 दिवसांना 300 जीबी, आणि वापर घरगुती हवा, धंद्यासाठी नाही. एका माणसाच्या फोनला ते भरपूर आहे. घरभर हॉटस्पॉट लावून टीव्ही चालवणाऱ्यांनी मात्र आपापल्या प्लॅनच्या अटी वाचा. आणि हॉटस्पॉटवर लॅपटॉप लावत असाल तर त्यात ते कनेक्शन "मीटर्ड" म्हणून निवडा. नाहीतर लॅपटॉप त्याला वायफायच समजतो आणि अपडेट उतरवत बसतो. मागच्या महिन्यात माझे स्वतःचे दीड जीबी असेच गेलेत, सांगायला लाज वाटते.

पाटील, सेक्रेटरी : चर्चा चांगली आहे पण टँकरचे मेसेज वर चाललेत. उद्या पाणी सकाळी 7 ते 8 बंद. कृपया नोंद घ्यावी.

रविवार

सुलभा, सकाळी 7:20 : माझ्याच फोनवरून लिहितेय 😊 रात्रीत कंपनीचा एकही एसएमएस नाही. ॲपमध्ये बघितलं, 2 जीबीतले 1.9 शिल्लक. मकरंद, पण आता उरलेले व्हिडिओ कसे वर जाणार? अजून 19 जीबी बाकी दाखवतंय.

मकरंद : केबलवाला येईपर्यंत फोनमध्येच राहू द्या, काही पळून जात नाहीत. फारच घाई असेल तर दुपारी फोन हॉलच्या खिडकीत ठेवा, वर 5जी दिसतंय याची खात्री करा आणि तेवढ्यापुरता बॅकअप चालू करा. चिन्हावरही पूर्ण विश्वास नको, दर दहा मिनिटांनी कंपनीच्या ॲपमध्ये 1.9 चा आकडा हलतोय का बघा. हलला की बंद.

सुलभा : दुपारी खिडकीत ऊन येतं रे, फोन तापेल. राहू दे. केबलवाल्याने मंगळवार सांगितलाय.

देशपांडे काका : कुठला मंगळवार ते विचारलंत का?