मदत हवी आहे: जोड्या लावा आणि टिपा, आयकर कायदा कलम २७०ए व २७०एए

कॉलेजरोड_टीवाय: मी नाशिकला टीवायबीकॉमला आहे. सराव पेपरात उत्पन्न कमी दाखवल्याच्या दंडाची, म्हणजे २७०ए ची जोडी बरोबर लागली, पण टिपेत दंड 'कराच्या १०० ते ३०० टक्के' लिहिला आणि शून्य मिळालं. शिवाय २७०एए खाली या दंडातून माफी मागायची तर अपील सोडावं लागतं, हे का? दोन्ही का करता येत नाही?

जुना_बीकॉम: ताई, १०० ते ३०० बरोबरच आहे. आम्ही तेच लिहून पास झालो.

पंचवटीकर: मला बेंगळुरूहून १४३(१) ची सूचना आली, विवरण उशिरा भरलं म्हणून १,००० रुपये. हीच का ती पेनल्टी?

गंगापूररोड_सल्लागार: काका, ती २३४एफ ची फी, दंड नव्हे. जोड्यांमध्ये मुलं इथेच घसरतात.

जुन्या बीकॉमनी सांगितलं ते दंडाच्या आधीच्या कलमाचं, २७१(१)(सी) चं. करनिर्धारण वर्ष २०१७-१८ पासून २७०ए आलं.

उदाहरण घे. विवरणात ८ लाख दाखवले, १४३(१) मध्ये तेवढेच मान्य झाले. तपासणीत अधिकाऱ्याला वजावट जाऊन २ लाखांचं भाडं सापडलं, १४३(३) चा आदेश १० लाखांवर निघाला. जुन्या करप्रणालीत या २ लाखांवर २० टक्के, म्हणजे ४०,००० कर, उपकर वेगळा. नुसतं कमी दाखवलं असेल तर दंड त्याच्या निम्मा, २०,०००. खोटी बिलं, खोट्या नोंदी असतील तर दुप्पट, ८०,०००, आणि मग २७०एए चा दरवाजा बंद.

माफी म्हणजे आदेश मान्य. कर-व्याज मागणीच्या मुदतीत भरायचं आणि त्या आदेशावर अपील करायचं नाही. मान्य केलेल्या गोष्टीवर भांडता कसं येईल?

कॉलेजरोड_टीवाय: सर, अर्ज फेटाळला तर? अपीलही गेलं?

गंगापूररोड_सल्लागार: नाही. अर्ज दिल्यापासून फेटाळल्याचा आदेश हातात पडेपर्यंतचे दिवस अपिलाच्या मुदतीत मोजत नाहीत. पण तारखा जपून पाहा. आदेश १० मार्चला मिळाला तर अपिलाचे ३० दिवस ९ एप्रिलला संपतात. माफीचा अर्ज मात्र आदेश मिळाला तो महिना संपल्यापासून एक महिना, म्हणजे ३० एप्रिलपर्यंत चालतो. कोणी २० एप्रिलला अर्ज केला आणि तो फेटाळला गेला, तर अपिलाची मुदत आधीच संपलेली असते. वगळायला दिवसच उरत नाहीत. मग उशीर माफ करा म्हणून आयुक्तांकडे कारण सांगावं लागतं. म्हणून मी अशिलाचा अर्ज ९ एप्रिलच्या आतच टाकतो.

जुना_बीकॉम: हे माहीत नव्हतं. पण सर, भाडं दाखवलंच नाही, तर ती 'वस्तुस्थिती लपवणं' नाही का? मग दुप्पट दंड लागेल.

गंगापूररोड_सल्लागार: अधिकारी तसं म्हणू शकतो, यावर वाद होतात. भाडं बँकेत जमा होतं का, भाडेकरूने टीडीएस कापला होता का, यावर बाजू मांडावी लागते. परीक्षेत दोन्ही दर लिही आणि फरक कशामुळे पडतो ते एका ओळीत सांग.

कॉलेजरोड_टीवाय: लिहून घेतलं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, कलमांचे क्रमांक बदलले. पेपरात कोणते येतील, आमच्या वर्गात कोणालाच सांगता येत नाही. कोणाच्या कॉलेजात सूचना आली आहे का?