सिकलसेल टेस्टची 'संवेदनशीलता' ९० टक्के म्हणजे नेमकं काय?

जीएनएम_तिसरं_वर्ष: शिबिरात सिकलसेलची सोल्युबिलिटी टेस्ट करतो. तिची संवेदनशीलता ९० टक्के धरली, तर पॉझिटिव्ह आलेल्या शंभरातल्या नव्वद जणांत सिकल हिमोग्लोबिन आहेच, असाच अर्थ ना?

वऱ्हाडी_गडी: हो की. उरलेले दहा उगाच अडकले.

पीएचएन_ताई: नाही हो. हे शंभर कोणते, तिथेच घोळ आहे. संवेदनशीलता काढताना पक्कं निदान झालेले लोक घेतात आणि टेस्टने त्यांतले किती पकडले ते बघतात. विशिष्टतेसाठी आजार नसलेले घेतात आणि किती जणांना बरोबर सोडलं ते बघतात. तू विचारतेस ते उलटं: पॉझिटिव्ह आलेल्यांत खरे किती? ते गावावर ठरतं.

सोयीचे आकडे धरू. संवेदनशीलता ९०, विशिष्टता ९५, वस्ती १००० ची. गडचिरोलीकडच्या एखाद्या पाड्यात १०० जणांत सिकल हिमोग्लोबिन असेल, तर ९० सापडतील. उरलेल्या ९०० पैकी ४५ उगाच पॉझिटिव्ह येतील. म्हणजे १३५ मध्ये खरे ९०. दुसऱ्या गावात असे १० च जण असतील, तर सापडतील ९ आणि उगाच येतील जवळजवळ ५०. किट तेच, पण इथे साठाला जेमतेम नऊच खरे.

मावशी_नागपूर: माझ्या भाचीची ही टेस्ट ती चार महिन्यांची असताना निगेटिव्ह होती, पुढे इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये एसएस निघाली. म्हणजे विशिष्टता कमी का?

पीएचएन_ताई: आजार असून सुटली, म्हणजे दोष संवेदनशीलतेकडे जातो. तान्ह्या बाळात गर्भातलंच हिमोग्लोबिन जास्त असतं, म्हणून सहा महिन्यांच्या आत ही टेस्ट भरवशाची नाही. आपण नळीमागच्या काळ्या रेघा दिसतात का ते बघतो. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या की पॉझिटिव्ह. रक्त फारच कमी असेल किंवा द्रावण जुनं झालं असेल, तर गढूळपणा येत नाही आणि खरा रुग्णही निसटतो. म्हणून दर शिबिरात आधी एक माहीत असलेला पॉझिटिव्ह नमुना लावून बघा. तोही स्वच्छ राहिला, तर बाटली बाजूला ठेवा.

वऱ्हाडी_गडी: मग ९० म्हणजे किटवर छापलेला आकडा, आपल्या शिबिराचा नव्हे. बरोबर?

पीएचएन_ताई: आता जमलं. आणि वाहक असो की रुग्ण, नळी दोघांचीही गढूळच होते.

जीएनएम_तिसरं_वर्ष: मग पॉझिटिव्ह आलेल्या मुलीच्या घरी त्याच दिवशी काय सांगायचं? लग्नाची बोलणी चालू असतात.

पीएचएन_ताई: मी 'पुढची तपासणी हवी' एवढंच म्हणते.

मावशी_नागपूर: मला नाही पटत. पुढचा रिपोर्ट यायला वेळ लागतो, आणि घरचे तोवर थांबत नाहीत. वाहक असण्याची शक्यता आहे, हे तिला एकटीला गाठून सांगा.