प्रति: कॅरोटिडमधला अडथळा

>> "वडिलांचा उजवा हात गेल्या आठवड्यात दहा मिनिटं लुळा पडला. डॉप्लरमध्ये डाव्या कॅरोटिडमध्ये ७५% अडथळा. गोळ्यांवर भागेल का?"

नुसत्या गोळ्यांवर थांबू नका. मानेतली डावी कॅरोटिड धमनी मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पुरवते आणि उजवा हात तीच बाजू चालवते. म्हणजे गुठळी बहुधा तिथूनच सुटली. १९९१च्या नॅसेट चाचणीत अशा रुग्णांपैकी (अडथळा ७०-९९%) दोन वर्षांत त्या बाजूचा स्ट्रोक औषधांवर २६% जणांना आला, शस्त्रक्रियेनंतर ९%. तेव्हा कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन सर्रास नव्हतं, त्यामुळे आज फरक थोडा कमी असेल. पण धमनी उघडून साफ करायची तर पहिल्या दोन आठवड्यांतच. पुढे फायदा झपाट्याने घटतो.

आधी सीटी अँजिओ करून घ्या. डॉप्लर रक्ताच्या वेगावरून अंदाज बांधतो, धमनीत साठलेल्या कॅल्शियमच्या सावलीत चुकतो. अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन मात्र ऑपरेशनच्या दिवशीही सहसा चालूच ठेवतात, स्वतःहून बंद करू नका.