कॉइल व्हाइन: गुणगुण, किरकिर की तडतड?

रेघोटी: एका टीव्हीच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करतेय. अडचणींच्या तक्त्यात दोन ओळी आहेत. पहिलीचा आशय असा की ठरावीक ब्राइटनेसला पॅनलमधून बारीक आवाज येऊ शकतो, तो निरुपद्रवी आहे, बिघाड नव्हे. दुसरीचा असा की तुटक, कडक आवाज आला तर लगेच प्लग काढा आणि सर्व्हिस सेंटरला कळवा. पहिलीला मी 'गुणगुण' लिहिलं होतं. तपासणाऱ्या सरांनी दोन्हीकडे 'गुंजारव' केलंय. आता वाचणाऱ्याने कुठल्या गुंजारवाला प्लग काढायचा? शिवाय पहिल्या ओळीतल्या बारीक आवाजाला इंग्रजीत 'कॉइल व्हाइन' म्हणतात, त्यालाही शब्द हवाय.

भाषाभिमानी: शास्त्राच्या पुस्तकांत कॉइलला 'कुंतल' आहेच, नालकुंतल आपण सगळे शिकलोय. तेव्हा 'कुंतलनाद'. उगाच इंग्रजीपुढे लोटांगण नको.

चहाटळ: कुंतल म्हणजे केससुद्धा. टीव्हीतून कुंतलनाद येतोय म्हटल्यावर माणूस तेल लावायला धावेल.

नानाकाका: ह्यात नवीन काय? ट्यूबलाइटचा चोक घूंऽऽ करायचा, तेच हे. आतल्या पट्ट्या ढिल्या होतात आणि विजेबरोबर थरथरतात. व्होल्टेज कमी-जास्त झालं की वाढतं. स्टॅबिलायझर लावा, गप्प बसेल. शब्द 'घुमणे'.

मिरजकर_सोल्डर: काका, थरथरीचं बरोबर, बाकीचं चोकपुरतं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून चोक १०० हर्ट्झवर घुमतो, जाडा आवाज. ताईंच्या पुस्तिकेतला आवाज ब्राइटनेसबरोबर बदलतो, आणि तीच त्याची ओळख. एलईडी टीव्हीत मागचे दिवे मंद करायचे तर बऱ्याच सेटमध्ये त्यांचा प्रवाह कमी करत नाहीत, त्यांना सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात. डोळ्याला ते मंद दिसतं. पण तेवढ्याच वेळा कॉइलला आणि बारक्या सिरॅमिक कपॅसिटरांना झटका बसतो आणि ते हलतात. आवाज त्यांचा असतो इवलासा, पण ते ज्या बोर्डावर डकवलेले असतात तो बोर्ड तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखा त्याला मोठा करतो.

शेवंता: अय्या, म्हणजे आमच्याकडचं हेच! बॅकलाइट पूर्ण ठेवला की एकदम शांत. निम्म्यावर आणला की चीं सुरू. अगदी कमी केला की पुन्हा बारीक होतो. मला वाटलं आतून काहीतरी जळतंय.

मिरजकर_सोल्डर: पुस्तकात छापावं असं उदाहरण दिलंत. पूर्ण प्रकाशाला दिवे सलग जळतात, चालू-बंद नाही, म्हणून शांतता. निम्म्यावर चालू आणि बंद वेळ सारखा असतो, तेव्हा मूळ सूर सगळ्यात जोरात. दोन्ही टोकांकडे तो कमी होत जातो. आवाज असा हुकमी वर-खाली होत असेल तर काही जळत नाहीये. एक सांभाळा, सेटिंगमधला 'ब्राइटनेस' अनेक टीव्हींत फक्त काळ्या रंगाची पातळी बदलतो. चाचणी 'बॅकलाइट' हलवूनच करायची.

रेघोटी: अरे देवा, मग पुस्तिकेत 'ब्राइटनेस' लिहिलेलंच ग्राहकाला चकवणार. विचारते त्यांना.

कोथरूडचा_कान: माझाही टीव्ही घूं करतो, पण बॅकलाइट कितीही हलवा, फरक नाही. साउंडबार जोडल्यापासून सुरू झालंय. पॅनल गेलं का?

मिरजकर_सोल्डर: साउंडबार म्यूट करा.

कोथरूडचा_कान: थांबला!

मिरजकर_सोल्डर: मग पॅनलचा संबंधच नाही, घूं स्पीकरमधून येतंय. सेट-टॉप बॉक्सची केबलची वायर काढून बघा, बरेचदा अर्थिंगचा घोळ तिथून शिरतो. म्हणून कुणीही 'टीव्ही आवाज करतो' म्हटलं की माझा पहिला प्रश्न म्यूटचा असतो.

पॅरिसची_मावशी: आमचा ओएलईडी आहे, त्यात मागचे दिवेच नसतात म्हणे. तरी बातम्यांच्या पांढऱ्या पडद्यावर झिणझिण येते, काळोखी सिनेमात नाही.

मिरजकर_सोल्डर: बरोबर ऐकलंत. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, म्हणून भार चित्रावर ठरतो. पांढरं जास्त तर प्रवाह जास्त. तिथे स्लायडरपेक्षा चित्राबरोबर आवाज बदलतो का ते बघायचं.

भाषाभिमानी: 'झिणझिण' हाता-पायाला येते, टीव्हीला नाही.

पॅरिसची_मावशी: मला ऐकू येते तीच लिहिली. तुमचा कुंतल घरात कोण बोलतं?

चहाटळ: जुन्या डब्बा टीव्हीचं आठवतं का कुणाला? आवाज बंद केला तरी आईला जिन्यातूनच कळायचं की टीव्ही चालू आहे. बाबांना शेजारी बसून काही ऐकू यायचं नाही. आम्ही त्याला 'सुई' म्हणायचो. कान टोचायचा.

मिरजकर_सोल्डर: ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे १५,६२५ हर्ट्झ. वयानुसार वरचे सूर आधी जातात. आजही तोच तंटा होतो. घरातली पोरगी म्हणते आवाज येतो, पन्नाशीचा मेकॅनिक म्हणतो काही नाही. दोघं खरं बोलतात.

रेघोटी: सुई गोड आहे, पण छापणार कशी! बरं, दुसऱ्या ओळीचं काय? प्लग काढायचा आवाज नेमका कसा?

मिरजकर_सोल्डर: त्याला सूर नसतो. चट्, चट्, मध्येच तड्. बॅकलाइट हलवला तरी तो आपल्या मर्जीने येतो. सोबत पडदा लुकलुकला, जळका वास आला, किंवा टीव्ही स्वतःच बंद-चालू व्हायला लागला तर थांबायचं नाही. दुसरं लक्षण वाढीचं. काल मागे कान लावल्यावर ऐकू येणारा आवाज महिन्याभरात सोफ्यावरून ऐकू यायला लागला, तर दाखवून घ्या. आणि कृपा करून मागचं झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट काही काळ राहू शकतात.

शेवंता: म्हणजे पहिली 'किरकिर' आणि दुसरी 'तडतड'. रातकिडा किरकिर करतो, आपण त्याला घाबरत नाही.

नानाकाका: तडतड तर मोहरीची. फोडणी झाली की आपण खूश होतो, प्लग काढत नाही.

शेवंता: काका, मोहरी टीव्हीत तडतडली तर काढालच ना?

नानाकाका: आमच्याकडे लाइट गेली, इन्व्हर्टरवर टीव्ही टाकला की मात्र घूं वाढतं. तेव्हा व्होल्टेजचं मी म्हणतो ते अगदीच खोटं नाही.

मिरजकर_सोल्डर: तो इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल. त्याची वीज गुळगुळीत नसते, म्हणून पंखाही घुमतो. म्हणूनच टीव्हीला दोष द्यायच्या आधी साध्या लाइनवर ऐकून घ्यायचं. पण स्टॅबिलायझरने त्यात फरक पडणार नाही.

कोथरूडचा_कान: एक शंका. किरकिर बिघाड नाही, मान्य. पण रात्री सोफ्यावर ऐकू येत असेल तर तिला 'निरुपद्रवी' कसं म्हणायचं? उपद्रव तर होतोच.

मिरजकर_सोल्डर: धोका नाही एवढंच म्हणता येईल. बोर्ड बदलून दिला तरी नवा गप्प बसेल ह्याची हमी नाही. एकाच मॉडेलचे दोन सेट वेगळे वाजतात. खोली शांत करा, जिथे बसता तिथूनच ऐका, आणि वॉरंटीत असतानाच तक्रार नोंदवा.

रेघोटी: 'निरुपद्रवी' काढून 'धोकादायक नाही' करते. पहिलीला 'किरकिर', दुसरीला 'तडतड किंवा चटचट'. कॉइल व्हाइनला 'कॉइलची किरकिर' लिहून पाठवतेय, सर काय करतात बघू.

भाषाभिमानी: निदान 'वेटोळ्याची किरकिर' तरी.

मिरजकर_सोल्डर: दुकानात कोणी 'वेटोळं बदला' म्हणालं तर मी साप शोधेन.

पॅरिसची_मावशी: आणि बंद केल्यावर पाच मिनिटांनी 'कट्ट' होतं ते?

मिरजकर_सोल्डर: गरम झालेलं प्लास्टिक आकसतं, दुसरं काही नाही. त्याला मात्र 'कट्ट'च ठेवा.

भाषाभिमानी: 'कट्ट' हा शब्दच नव्हे, ध्वनी आहे.