अनुभव धागा: ज्यांना मनापासून मानतो, त्यांच्यासमोर दहा सेकंदांत काय बोलता?

चौकटराजा
पुढच्या महिन्यात एका व्याख्यानाला जातोय. वक्त्या संख्याशास्त्रातल्या ज्येष्ठ प्राध्यापिका आहेत. त्यांच्या एका लेखातला तक्ता मी वर्गात वापरतो. भेटून ओळख करून द्यायची आहे, पण समोर गेलो की "मी तुमचा मोठा चाहता" एवढंच सुचतं आणि पुढे गाडी अडते. तुम्ही कसं निभावता? सल्ल्यापेक्षा स्वतःचे अनुभव आले तर बरं.

तिसरी रांग
मी दोन-चार वाक्यं तोंडपाठ करून घड्याळ लावते. दहा सेकंदांत वीस-पंचवीस शब्द बसतात, त्याहून एकही जास्त नाही. शब्द पक्के असले की भीती जाते.

निवृत्त पण बिझी
शब्दांचा हिशोब बरोबर, पण अख्खं पाठ करू नका. मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बरीच वर्षं काढली आहेत. पाठ केलेलं लगेच कळतं, कारण मी मध्येच "हो का?" म्हटलं की समोरचा गडबडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. पहिलं वाक्य आणि निघायचं वाक्य पक्कं ठेवा, मधलं मोकळं सोडा.

आता "चाहता" का अडतो ते सांगतो. त्याला उत्तर एकच, "धन्यवाद". मग दोघंही हसत उभे. "तुमचं सगळं वाचलंय" याचंही तेच होतं, आणि "माझं आयुष्य बदललं" म्हणालात तर मला खाली बघावं लागतं. चौकटराजा, तुमच्याकडे तक्ता आहे ना? मग असं म्हणून बघा: "नमस्कार मॅडम, मी अमुक, कॉलेजात शिकवतो. तुमच्या लेखातला तक्ता वर्गात वापरतो. मुलं दरवेळी तिसऱ्या रकान्यापाशी अडतात." आणि थांबा! त्या बहुतेक विचारतील, "तिसऱ्याच का?" त्याचं एका वाक्याचं उत्तर तयार हवं. ते नसेल तर रकान्याचा विषय काढूच नका, उगाच फजिती. कौतुक वेगळं करायची गरज नाही. तक्ता वर्गात वापरता, यातच ते आलं.

हळदीकुंकू नको
नाव आधी की नंतर? मी आधी सांगायचे, पण गोंगाटात पहिला शब्दच हरवतो. आता तक्त्यासारखी ओळखीची गोष्ट आधी बोलते, त्यांची मान वळली की नाव सांगते, सावकाश.

निवृत्त पण बिझी
मला उलट आधी नाव हवं असतं, नाहीतर "हे कोण?" यातच लक्ष जातं. यावर आमच्या घरातही एकमत नाही.

सूत्रधार
चांगला धागा. मी कार्यक्रमांचं निवेदन करतो. पाहुण्यांची ओळख दहा सेकंदांत होत नाही, किमान दोन मिनिटं लागतात. पदव्या क्रमाने घ्याव्यात, पुरस्कार शेवटी.

तिसरी रांग
सूत्रधार, व्यासपीठावरून पाहुण्यांची नाही हो, खाली उतरून स्वतःची ओळख!

सूत्रधार
अरे हो. मग पडद्यामागचं एक सांगतो. भाषण संपल्या संपल्या धावू नका. बऱ्याचदा कॉलरचा माइक चालूच असतो. एकदा एका गृहस्थांचं "सर, माझं हस्तलिखित वाचाल का" सगळ्या सभागृहाने ऐकलं. आमचा माणूस माइक काढून घेतो, पाहुणे पाणी पितात, ती वेळ बरी. भाषणाआधी तर नकोच, डोक्यात मुद्दे घोळत असतात.

कोपऱ्यातली खुर्ची
उभं कुठे राहायचं, हेही महत्त्वाचं. पाठीमागून येऊन खांद्याला हात लावणाऱ्यांकडे बघून मलाच दचकायला होतं. त्यांच्या नजरेच्या टप्प्यात, पण बोलणाऱ्या दोघांपासून जरा लांब थांबा. त्यांनी तुमच्याकडे बघून शरीर थोडं वळवलं तर जा. नुसती नजर आली आणि पाय तिकडेच राहिले, तर अजून थांबा. आणि "ओळखलंत का?" कृपया नको. एका ज्येष्ठ गायिकेसमोर शेजारच्या बाईंनी हे विचारलं. गायिका बिचाऱ्या खोटं हसल्या आणि दहातली आठ सेकंदं त्यातच गेली.

चौकटराजा
तक्त्याचं वाक्य मोठ्याने बोलून पाहिलं, नावासकट बसतंय. तिसऱ्या रकान्याचं उत्तर मात्र चार वाक्यांचं होतंय. निघायचं कसं?

निवृत्त पण बिझी
उत्तर एका वाक्यावर आणा, उरलेलं त्यांनी विचारलं तर. मग "मागे मंडळी थांबलीत, मी निघतो" म्हणून खरंच निघा. त्यांनी थांबवलं तर गोष्ट वेगळी. फोटो आणि कार्ड त्या दहा सेकंदांत कोंबू नका.

हळदीकुंकू नको
कार्डावर मी असहमत. नाव लक्षात राहत नाही, कागद राहतो.

कोपऱ्यातली खुर्ची
कागद खिशात राहतो, हळदीकुंकू ताई. त्यांनी मागितला तरच द्या.